पुणे शाखेचं अध्यक्षपद: माझा नकार, आणि मला जमेल ते काम

प्रिय श्रीकांतदादा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही अध्यक्षपदाचं विचारलंत आणि मी विचार करायला वेळ मागून घेतला. उत्तर आधी सांगते: येत्या कार्यकाळासाठी माजी विद्यार्थी संघाच्या पुणे शाखेचं अध्यक्षपद मी घेऊ शकणार नाही. वार्षिक सभेची नोटीस निघण्याआधी तुम्हाला दुसऱ्या कुणाशी बोलायला अवधी मिळावा, म्हणून लगेच कळवतेय.

तुम्ही माझं नाव सुचवलंत ह्याचा मला मनापासून आनंद झाला. वालचंदमध्ये आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्या वर्गातल्या एका मुलीने शाखेची धुरा घ्यावी असं तुम्हाला वाटलं, हे मी विसरणार नाही. म्हणूनच नकारामागचं कारण नीट सांगायला हवं.

नवी नोकरी तुम्हाला माहीत आहेच. बिडकीनला आमचा नवा प्लांट उभा राहतोय आणि तिथल्या क्वालिटीची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. सध्या मशिनं बसतायत. मग ट्रायल, मग ग्राहकांचं ऑडिट, मग एकेका पार्टची पीपॅप मंजुरी. ग्राहक ऑडिटची तारीख आपली सोय बघून देत नाही, आणि ट्रायलमध्ये पार्ट नापास झाला की कारण सापडेपर्यंत लाइन सोडून हलता येत नाही. घर पुण्यात असलं तरी आठवड्यातले बरेच दिवस माझा मुक्काम संभाजीनगरलाच असतो. माणसं नवी, पुरवठादार नवे, त्यामुळे रात्रीचे फोनही मलाच येतात. हे काम मी ठरवून घेतलंय आणि ते मला चांगलं करायचंय. निदान प्लांटचं उत्पादन सुरळीत होईपर्यंत तरी माझा वेळ माझ्या हातात नाही.

शाखेचं खरं काम नेमकं ह्याच्या उलट स्वभावाचं आहे. मेळावा एका दिवसाचा असतो, त्याची तयारी सगळे मिळून करतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये प्लेसमेंट सुरू झाली की जतचा, आटपाडीचा एखादा मुलगा मुलाखतीसाठी रातोरात पुण्यात येतो, आणि त्याला सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायला एक खोली हवी असते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीला तांत्रिक प्रश्नांची उत्तरं येत असतात, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की तिचा आवाज बसतो. आदल्या संध्याकाळी तिच्याशी कुणीतरी अर्धा तास बोलावं लागतं. हे फोन ठरवून येत नाहीत. येतात तेव्हा उचलावेच लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा ज्यांची घरं बुडाली त्या मुलांना तुम्ही स्वतः एकेक फोन करून विचारत होतात, पुस्तकं गेली का, फी भरली आहे का. पैसे त्यानंतर जमा झाले. अध्यक्ष म्हणजे काय, हे मी तेव्हा तुमच्याकडे बघून शिकले. ते काम मी शॉपवर उभी राहून फोन सायलेंटवर ठेवून करू शकणार नाही.

तुम्ही म्हणालात, “नाव तुझं राहू दे, धावपळ बाकीचे करतील.” दादा, ह्यात तुमचा माझ्यावरचा लोभ आहे हे मला कळतं, पण हे मला पटत नाही. धावपळ करणाऱ्याला निर्णयही घेता यायला हवा. शिष्यवृत्तीचा चेक अडला, कंपनीच्या एचआरला शाखेचं पत्र हवं असलं, की सही अध्यक्षाचीच लागते आणि मी तेव्हा बिडकीनला असेन. शिवाय वर्षाच्या मध्येच मला सोडावं लागलं तर पुन्हा कार्यकारिणीचा ठराव, धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज आणि बँकेत सह्यांचे नवे नमुने. हे सगळं त्याच चार-पाच जणांच्या अंगावर पडणार. त्यापेक्षा आत्ताच नाही म्हणणं बरं. आणि एक विनंती: पुढच्या वर्षी मी मोकळी होईन ह्या आशेवर जागा रिकामी ठेवू नका.

तरी शाखा मी सोडत नाहीये. जे नक्की पार पडेल तेवढंच सांगते.

प्लेसमेंटच्या दिवसांत शनिवारी संध्याकाळी मी मुलांच्या सराव मुलाखती ऑनलाइन घेईन. दर शनिवारी जमेलच असं नाही. महिन्यातून एखादा शनिवार धरा आणि तारीख मी आधी कळवेन. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनची मुलं माझ्याकडे पाठवा. क्वालिटीतले लोक मुलाखतीत काय विचारतात हे मी त्यांना खरंखुरं सांगू शकते, कारण सध्या माझ्याच प्लांटसाठी मी नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेतेय. गेज हातात धरता येतं का, आणि वाचन चुकीचं वाटलं तर ते तसं बोलायचं धाडस आहे का, एवढंच मी बघते. मुलं मात्र व्याख्या पाठ करून येतात. त्यावर कॉलेजमध्ये सत्रातून एकदा येऊन बोलायलाही मला आवडेल. सांगलीला माहेरी जाणं होतंच, विश्रामबागेत यायला वेगळी सवड काढावी लागणार नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी मी पूर्वीसारखीच करेन. ते वर्षातून एकदाचं काम आहे आणि रात्री बसून होतं. प्लांट चालू झाल्यावर तिसऱ्या वर्षाच्या मुलांची भेट ठरवायचा प्रयत्न करेन. व्यवस्थापनाची परवानगी लागेल, म्हणून आज शब्द देत नाही.

बँकेच्या सह्या, कार्यकारिणीचं पद आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद ह्या तिन्हींतून मला मोकळं ठेवा. तिथे नाव असलं की लोक हक्काने वाट बघतात.

अध्यक्षपदासाठी विचारलंत तर माझ्या डोळ्यांसमोर मीनल आहे. गेल्या दोन मेळाव्यांचा हिशेब तिने सांभाळला, ती चिंचवडला राहते आणि नव्या बॅचेसची मुलं तिला ताई म्हणून मोकळेपणाने फोन करतात. ती आमच्यापेक्षा बरीच ज्युनियर आहे म्हणून काही जुन्या मंडळींना संकोच वाटेल. मला तो अडसर वाटत नाही, उलट आत्ता कॉलेजात असलेल्या मुलांशी तिचं अंतर कमी आहे. सोबत सुनील सचिव राहिला तर कंपन्यांशी बोलणीही अडणार नाहीत. दोघांपैकी कुणाशीही मी अजून बोललेले नाही. तुमच्याकडून शब्द जाणं योग्य, आणि त्यांनाही नाही म्हणायची मोकळीक असू द्या.

मीनल तयार झाली तर मला कळवा. अर्जदार मुलांची यादी आणि कंपन्यांतल्या आपल्या लोकांचे संपर्क माझ्या लॅपटॉपवर आहेत. रविवारी मी घरी असते, तिला बोलावून सगळं समजावून देईन. वहिनींना नमस्कार.

तुमची,
स्वाती
(मेकॅनिकल, २००४ ची बॅच)