श्रावणातील रक्तदान शिबिर : सूचना व उपवास करणाऱ्या भाविकांसाठी निवेदन

महादेव मंदिर देवस्थान समिती, मुरूड (जि. लातूर) यांच्या वतीने सर्व भाविकांस व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, रविवार, दि. ३० ऑगस्ट २०२६ रोजी मंदिराच्या सभामंडपात रक्तदान शिबिर होणार असून, रक्तसंकलनाचे काम लातूर येथील शासकीय रक्तकेंद्राचे पथक करणार आहे. नावनोंदणी सकाळी ८.३० ते दुपारी १.०० या वेळेत होईल आणि रक्तसंकलन सकाळी ९ ते दुपारी २ पर्यंत चालेल. सकाळचा अभिषेक आटोपल्यावरच शिबिर सुरू होत असल्यामुळे दर्शन व रक्तदान यांत अडचण येणार नाही.

श्रावणात बहुतेक घरांतून शनिवार व सोमवार हे दोन्ही उपवास धरले जातात, म्हणून मधला रविवार मुद्दाम निवडला आहे. गेल्या श्रावणात शिबिर सोमवारी ठेवण्याची चूक आमच्याकडूनच झाली होती. काही तरुणांनी उपवास असल्याचे सांगितले नाही आणि त्यांपैकी दोघांना रक्त दिल्यानंतर भोवळ आली. उपवास सुरू असलेल्या व्यक्तीचे रक्त घेऊ नये, असा नियमच आहे. तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारल्यास उपवास लपवू नये. भगर किंवा साबुदाणा खाल्ला म्हणजे उपाशी नाही, असा युक्तिवादही तेथे करू नये.

ज्यांचा शनिवार असेल त्यांनी त्या दिवशी सायंकाळी उपवास सोडून पोटभर जेवावे, आणि जे रविवारी सकाळी पारणे करतात त्यांनी पारणे केल्यावर किमान एक-दोन तासांनी यावे. अभिषेक होईपर्यंत तोंडात पाणीही न घेणाऱ्यांनी घाई करू नये. पूजा उरकून, भाकरी-भाजी खाऊन, दोन-तीन ग्लास पाणी पिऊन अकरानंतर आले तरी चालेल. एकभुक्त राहणाऱ्यांनी त्या दिवशीचे जेवण सकाळीच घ्यावे. ज्यांचा महिनाभर केवळ फराळावर राहण्याचा नेम आहे, त्यांनी तो मोडावा असा समितीचा मुळीच आग्रह नाही. त्यांनी कार्यालयात नाव नोंदवून ठेवावे व पोळ्यानंतर रक्तकेंद्रात जाऊन रक्त द्यावे. रक्ताची गरज श्रावण पाहून येत नाही. सोमवारी निर्जळी उपवास करणाऱ्यांनी मात्र आदल्या दिवशी रक्तदान करू नये, कारण शरीरातील द्रवाची भरपाई होण्यास एक-दोन दिवस लागतात. इतर दात्यांनी सोमवारी शक्यतो नेहमीचे जेवण घ्यावे. ते जमणारच नसेल तर पाणी, ताक, दूध व फळे भरपूर घ्यावीत.

शनिवारी रात्री मंदिरात भजन आहे. जे रात्रभर जागतील त्यांनी सकाळी थेट रक्तदानाच्या खाटेकडे वळू नये, कारण रक्तदात्याची झोप पुरेशी झालेली असणे आवश्यक असते.

रक्तदात्याचे वय १८ ते ६५ वर्षांदरम्यान असावे. प्रथमच रक्त देणाऱ्याचे वय ६० पेक्षा जास्त नसावे. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. ही तपासणी जागेवरच विनामूल्य होईल. मागील रक्तदानास पुरुषांच्या बाबतीत ९० दिवस व स्त्रियांच्या बाबतीत १२० दिवस पूर्ण झालेले असावेत. गर्भवती व स्तनपान करणाऱ्या माता, मासिक पाळी सुरू असलेल्या भगिनी, इन्सुलिन घेणारे मधुमेही, ताप असलेले आणि मागील २४ तासांत मद्य घेतलेले यांचे रक्त घेतले जाणार नाही. मलेरिया बरा होऊन तीन महिने, दात काढून सहा महिने आणि गोंदवून घेतल्यास किंवा मोठी शस्त्रक्रिया झाल्यास बारा महिने झालेले असावेत. कुत्रा चावल्यावर लस घेतलेल्यांनी एक वर्ष थांबावे. चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणावी, कारण गोळीचे नाव आठवत नसल्याने परत जावे लागणारे दाते दरवर्षी असतात.

रक्त देण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत, परंतु नोंदणी, तपासणी व विश्रांती धरून तासभर हाताशी ठेवावा. एका वेळी ३५० मि.ली., आणि वजन ५५ किलोंपेक्षा अधिक असल्यास कमाल ४५० मि.ली. रक्त घेतले जाते. नंतर सरबत व नाश्ता घेऊन किमान अर्धा तास मंडपातच बसावे. मोटारसायकलने आलेल्यांनी हा अर्धा तास कटाक्षाने पाळावा. सध्या फवारणीचे दिवस आहेत. त्या दिवशी पाठीवर पंप घेऊन सोयाबीनमध्ये जाऊ नये, विहिरीत उतरू नये आणि ओझे उचलू नये. मंडपात तंबाखू व गुटखा यांस पूर्ण मनाई आहे.

शिबिर सर्व धर्मीयांसाठी खुले आहे. येताना आधार कार्ड आणावे. आगाऊ नोंदणी मंदिर कार्यालयात दररोज सकाळी ७ ते ११ या वेळेत सुरू आहे.

आपले नम्र,
देवस्थान समिती, महादेव मंदिर, मुरूड