प्री-ऑथ वाढवून मिळण्याबाबत: दावा क्र. ४४७१९, आंतररुग्ण क्र. २५०७/३१८

दि. १४ जुलै २०२५, नाशिक

प्रति,
कॅशलेस विभाग, टीपीए कार्यालय, पुणे

महोदय,

वरील रुग्ण (पुरुष, वय ४६) ९ जुलैच्या रात्री दाखल झाले. तेव्हा निदान होते साध्या अपेंडिसायटिसचे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि तीन दिवसांचा मुक्काम धरून अंदाज पाठवला, त्यावर आपण ₹६५,००० मंजूर केले. तो अंदाज आता लागू राहिलेला नाही.

१० जुलैला सकाळी दुर्बीण घातल्यावर अपेंडिक्स फुटलेले आणि ओटीपोटात पू साचलेला दिसला. त्यामुळे पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागली, पोट धुऊन ड्रेन ठेवला. टेबलवरच रक्तदाब ८४/५० पर्यंत उतरल्याने रुग्णाला दोन दिवस आयसीयूत ठेवले. १२ तारखेला पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, राइल्स ट्यूब टाकली. सीटी स्कॅनमध्ये ओटीपोटात सुमारे ३ सेंमीचा पू दिसला. पुन्हा शस्त्रक्रिया न करता औषधांवर उपचार करण्याचा सर्जनचा निर्णय आहे. १३ तारखेच्या कल्चर रिपोर्टमध्ये ई. कोलाय जंतू सेफ्ट्रिॲक्सोनला दाद देत नसल्याचे आले, म्हणून मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी सुरू आहे. पांढऱ्या पेशी १९,४०० वरून ११,२०० वर आल्या आहेत. आज ट्यूब काढली, घोट घोट पाणी चालू आहे.

आजपर्यंतचे बिल: रूम ४ दिवस ₹१६,०००, आयसीयू २ दिवस ₹१८,०००, ओटी, सर्जन व भूल ₹४८,०००, औषधे व साहित्य ₹४१,३००, तपासण्या ₹१६,७००, डॉक्टर व्हिजिट ₹९,०००. एकूण ₹१,४९,०००. त्यातून पॉलिसीत न बसणारे ₹३,२०० वजा केले आहेत, ते रुग्णाकडून घेऊ. १७ जुलैला सकाळी डिस्चार्ज अपेक्षित असून तोवर आणखी ₹२८,२०० लागतील. म्हणजे एकूण ₹१,७४,०००. आधीची मंजुरी वजा जाता ₹१,०९,००० वाढवून द्यावेत, ही विनंती.

विमा रक्कम ₹५ लाख आहे आणि या वर्षी दुसरा दावा नाही. रूमचा दर ₹४,००० व आयसीयूचा ₹९,०००, दोन्ही पॉलिसीच्या १ व २ टक्के मर्यादेत बसतात. त्यामुळे प्रमाणशीर कपातीचा प्रश्न येऊ नये.

एक खुलासा आताच करतो, कारण क्वेरी तिथेच येते. दाखल होताना साखर २१० होती, पण एचबीए१सी ५.६ आहे. मधुमेहाचा पूर्वेतिहास नाही. ही वाढ संसर्गाच्या ताणामुळे असल्याचे फिजिशियनने लेखी दिले आहे.

ऑपरेशन नोट, आयसीयू चार्ट, सीटी व कल्चर रिपोर्ट, फिजिशियनचे पत्र, अंतरिम बिल आणि सर्जनच्या सहीचा एन्हान्समेंट फॉर्म सोबत जोडले आहेत. काही कमी वाटल्यास सगळे एकाच क्वेरीत विचारावे. शक्यतो उद्या दुपारपर्यंत मंजुरी द्यावी. नातेवाइकांकडे अद्याप डिपॉझिट मागितलेले नाही आणि मागायची वेळ येऊ नये.

आपला विश्वासू,
समन्वयक, विमा कक्ष
(रुग्णालयातर्फे)