हेक्स बोल्ट, नट आणि वॉशर: एम८ ते एम२४

मागच्या आवृत्तीत माल कोड नंबरांच्या क्रमाने लावला होता. एम१२चा बोल्ट एका पानावर, त्याचा नट भलतीकडे आणि टॉर्क शेवटच्या परिशिष्टात, अशी गत होती. या आवृत्तीत आधी काम, मग साइज आणि त्या साइजची सगळी मापं एकाच ओळीत दिली आहेत. ग्रेड ठरलेली असेल तर थेट तक्त्याकडे जा.

कामानुसार निवड

छताखाली, कोरड्या जागी (मशीनची फ्रेम, ब्रॅकेट, मोटर माउंटिंग): ग्रेड ८.८, झिंक प्लेटेड. बहुतेक ऑर्डरना हेच पुरतं, म्हणून हाच माल सर्वांत जास्त लांब्यांमध्ये तयार ठेवतो.

जागा कमी, भार जास्त (कपलिंग, गिअरबॉक्स, डाय): ग्रेड १०.९, झिंक फ्लेक कोटिंग. त्याच साइजमध्ये ८.८पेक्षा सुमारे ४० टक्के जास्त भार घेतो. त्यामुळे बोल्टची साइज एक पायरी खाली आणता येते का, हे डिझायनरला जरूर विचारा.

उघड्यावर, पावसात (शेड, टॉवर, पाइप सपोर्ट): ग्रेड ८.८, हॉट डिप गॅल्व्हनाइझ्ड. झिंक प्लेटिंगचा थर साधारण ५ ते ८ मायक्रॉनचा, तर हॉट डिपचा ४० मायक्रॉनच्या वर असतो.

सतत ओलावा, धुणं, अन्नप्रक्रिया: स्टेनलेस ए२-७०. खारी हवा किंवा क्लोराइड असेल तर ए४-८०.

स्टेनलेस म्हणजे जास्त मजबूत, हा समज खरेदीत महाग पडतो. ए२-७०ची यील्ड स्ट्रेंग्थ ४५० एमपीए असते, ८.८ची किमान ६४०. गंजतो म्हणून ८.८ काढून त्याच साइजचा ए२-७० लावला, तर ताकद ३० टक्क्यांनी उतरते. ए४-८०मध्ये ती ६०० असते.

मापं, भार आणि टॉर्क: एका नजरेत

| साइज | पिच, मिमी | पाना, मिमी | भोक, मिमी | नटची उंची, मिमी | ८.८ प्रूफ लोड, केएन | ८.८ टॉर्क, एनएम | १०.९ प्रूफ लोड, केएन | १०.९ टॉर्क, एनएम |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| एम८ | १.२५ | १३ | ९ | ६.८ | २१.२ | २५ | ३०.४ | २७ |
| एम१० | १.५ | १६ | ११ | ८.४ | ३३.७ | ५० | ४८.१ | ५४ |
| एम१२ | १.७५ | १८ | १३.५ | १०.८ | ४८.९ | ८८ | ७०.० | ९५ |
| एम१६ | २.० | २४ | १७.५ | १४.८ | ९१.० | २२० | १३० | २३५ |
| एम२० | २.५ | ३० | २२ | १८.० | १४७ | ४४० | २०३ | ४५५ |
| एम२४ | ३.० | ३६ | २६ | २१.५ | २१२ | ७६० | २९३ | ७९० |

मापं आयएसओ ४०१४, ४०१७ आणि ४०३२ प्रमाणे. प्रूफ लोड आयएसओ ८९८-१ प्रमाणे. जुन्या डीआयएन मापात एम१०ला १७चा आणि एम१२ला १९चा पाना लागतो. जुन्या मशीनसाठी तोच हवा असेल तर ऑर्डरमध्ये ‘डीआयएन’ लिहा, नाहीतर आयएसओ माल येईल.

टॉर्क प्रूफ लोडच्या ७५ टक्के ताणासाठी काढला आहे. ८.८ कोरडा झिंक प्लेटेड धरून घर्षणाचा के ०.२० घेतला आहे, १०.९च्या झिंक फ्लेकवर वंगणयुक्त टॉपकोट असतो, म्हणून तिथे ०.१५. म्हणूनच दोन्ही टॉर्क जवळपास सारखे दिसतात, पण १०.९मध्ये ताण ४३ टक्क्यांपर्यंत जास्त बसतो. पत्र्याला पत्रा घट्ट धरून ठेवतो तो हा ताण, पान्यावरचा आकडा नव्हे.

आटे ताणले जातात ते इथे. कोरड्या बोल्टचा टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला दिला की के ०.२०वरून ०.१५पर्यंत येतो. एम१२, ८.८ला ८८ एनएम दिले तर ताण ३६.७ऐवजी ४८.९ केएन होतो, म्हणजे थेट प्रूफ लोडवर. ग्रीस चांगलं असेल तर त्याच्याही पुढे. तेल लावणारच असाल तर एम१२ला ६६ एनएमवर थांबा; बाकी ८.८ साइजना तक्त्यातला टॉर्क पाऊणपट घ्या.

लांबी कशी काढायची

हेक्स बोल्टची लांबी डोक्याखालून मोजतात, काउंटरसंकची डोक्यासकट. जोडायच्या प्लेटची जाडी, दोन्ही वॉशर, नटची उंची आणि बाहेर राहणारे दोन आटे यांची बेरीज करा आणि वरची प्रमाणित लांबी घ्या.

एम१२, प्लेट १६ आणि २० मिमी: ३६ + ५ (वॉशर प्रत्येकी २.५) + १०.८ + ३.५ = ५५.३. म्हणून ६० मिमी.

हाफ थ्रेड की फुल थ्रेड? १२५ मिमी लांबीपर्यंत हाफ थ्रेडचे आटे व्यासाच्या दुप्पट अधिक ६ मिमी असतात; एम१२ला ३०. वरच्या उदाहरणात नट डोक्यापासून ४१ मिमीवर बसतो आणि आटे ३० मिमीपासून मिळतात, तेव्हा नट शँकवर अडकत नाही. जोडाला शिअर येणार असेल तर १६ मिमीची प्लेट डोक्याकडे ठेवा. मग दोन प्लेटमधली फट डोक्यापासून १८.५ मिमीवर येते आणि तिथे पूर्ण शँक असते. एम१२ × ६०मध्ये ती किमान २१.२५ मिमी मिळते. प्लेट उलट लावल्या तर फट २२.५ मिमीवर, म्हणजे आटे सुरू होण्याच्या उतारावर येऊ शकते. फुल थ्रेड प्लेट टॅप केलेली असताना किंवा फक्त ताण असताना घ्या.

नट आणि वॉशर

८.८ला क्लास ८चा नट आणि २०० एचव्ही वॉशर, १०.९ला क्लास १०चा नट आणि ३०० एचव्ही वॉशर. नट हलक्या क्लासचा पडला तर बोल्ट तुटण्याआधी नटचे आटे सुटतात, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून दोन्ही ग्रेडचे सेट जोडूनच पाठवतो. सुटा नट हवा असेल तर बोल्टची ग्रेड कळवा.

हॉट डिप बोल्टसोबत हॉट डिपचाच नट घ्या. त्याचे आटे मोठे कापलेले असतात. साधा नट त्यावर चढत नाही आणि जबरदस्ती केली तर जस्त खरवडून निघतं.

नायलॉक नट व्हायब्रेशनसाठी उत्तम, पण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे नायलॉन मऊ पडतं. भट्टी किंवा एग्झॉस्टजवळ पूर्ण धातूचा लॉक नट मागवा.

स्टेनलेसवर स्टेनलेस नट घट्ट करताना जाम होऊ शकतो. आट्यांना अँटी-सीझ लावा आणि इम्पॅक्ट गनऐवजी हाताने, सावकाश आवळा. जाम झालेला नट सहसा बोल्ट कापूनच निघतो.

१२.९ झिंक प्लेटेड का मिळत नाही

मागणी वारंवार येते, म्हणून कारण इथेच देतो. प्लेटिंगच्या आम्लात स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो आणि ३९० एचव्हीच्या वर कडकपणा असलेला बोल्ट आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटू शकतो. १२.९चा कडकपणा ३८५ ते ४३५ एचव्ही असतो. तो आम्ही काळा, तेल लावलेला किंवा झिंक फ्लेकमध्येच देतो.

ऑर्डर

कोडमध्ये प्रकार, साइज, लांबी, ग्रेड आणि फिनिश याच क्रमाने लिहा:

```
HB-M12x60-8.8-ZN
```

HB हाफ थ्रेड, HS फुल थ्रेड. ZN झिंक प्लेटेड, ZF झिंक फ्लेक, HD हॉट डिप. शेवटी `-SET` लावलं की योग्य नट आणि दोन वॉशर सोबत येतात.

एम८ आणि एम१० दोनशेच्या, एम१२ शंभरच्या, एम१६ पन्नासच्या, एम२० आणि एम२४ पंचवीसच्या बॉक्समध्ये. बॉक्स फोडून सुटा माल देत नाही, कारण हीट नंबर बॉक्सवर असतो. ईएन १०२०४चं ३.१ प्रमाणपत्र हवं असेल तर ऑर्डरसोबतच सांगा. माल पाठवल्यावर बॉक्स मिसळले की ते काढता येत नाही.