सभासदांच्या शेतातली माती तपासून मिळण्याबाबत

मा. तालुका कृषी अधिकारी साहेब, काटोल, जि. नागपूर

साहेब, नमस्कार. आमच्या शेतकरी गटात 22 सभासद आहेत, कोणाची संत्र्याची बाग तर कोणाचं कापूस-तूर, अन् सगळेच युरिया, डीएपी अंदाजानं टाकतो, खर्च वाढतच चाललाय आणि संत्र्याची पानं मात्र पिवळी पडताहेत, झिंक कमी आहे का चुनखडी जास्त हे तपासल्याशिवाय कसं कळणार. म्हणून सगळ्यांची माती तपासून मृदा आरोग्य पत्रिका द्यावी ही विनंती. तूर निघाली, शेतं रिकामी आहेत, पेरणीच्या आधीच नमुने घेतलेले बरे. बागेतले नमुने खोलवरून घ्यावे लागतात, तेवढ्यासाठी कृषी सहाय्यकांना एक दिवस पाठवा, खड्डे आम्ही खोदून ठेवतो. सातबारे सोबत जोडलेत.

आपले,
गटाचे अध्यक्ष अन् सर्व सभासद