इयत्ता तिसरीतील वजाबाकी : एका वर्गातील कृतिसंशोधन चक्रांचे नियोजन

(एम.एड. लघुशोधप्रबंध, मार्गदर्शकांना सादर करावयाचा आराखडा)

समस्या कुठून आली

दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग शिकवते. पटावर २७ मुले आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन अंकी वजाबाकीची १२ उदाहरणांची निदान चाचणी घेतली. दुसरीत झालेला हा भाग तीन अंकी वजाबाकीकडे जाण्याआधी पक्का हवा, एवढाच तेव्हा हेतू होता. पेपर तपासताना गुण बाजूला ठेवले आणि ज्याची जी चूक सर्वाधिक वेळा झाली तिच्यानुसार गठ्ठे लावले. ९ मुलांची उदाहरणे बहुतेक बरोबर होती. ११ मुलांनी ६२ − ३८ चे उत्तर ३६ लिहिले. ४ मुलांनी ३४ लिहिले. उरलेल्या ३ मुलांची वजाबाकी तपासण्याची वेळच आली नाही, कारण मी तोंडी सांगितलेले ‘बासष्ट’ त्यांनी २६ असे लिहिले होते.

३६ लिहिणाऱ्या एका मुलीला जवळ बसवून विचारले. ती म्हणाली, “बाई, दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढले. मोठ्यातून लहान वजा करायचं ना?” हे वाक्य मी स्वतः वर्गात अनेकदा म्हटले आहे. पहिलीत ते खरे ठरते. दोन अंकी संख्येत मूल तोच नियम एकेका घराला लावते. ही चूक निष्काळजीपणाची नाही. शिकवलेला नियम मुलाने इमानाने पाळला आहे. म्हणून सराव वाढवला तर चूकच पक्की होईल, असे माझे ठाम मत झाले आहे.

३४ लिहिणाऱ्या मुलांनी १२ मधून ८ बरोबर काढले, पण सहा दशकांतला एक सुटा केल्यावर पाचच उरतात हे त्यांच्या मनात राहिले नाही. दोन्ही चुकांना एकच उपाय चालणार नाही. संपूर्ण नियोजन या भेदावर उभे आहे.

पद्धतीबद्दल थोडे

१९४६ साली कर्ट लेविन यांनी कृतिसंशोधनाची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती : एक पाऊल टाकायचे, काय झाले ते तपासायचे आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवायचे. केमिस आणि मॅकटॅगार्ट यांनी पुढे नियोजन, कृती, निरीक्षण व चिंतन अशी चक्रे मांडली. मी तीच वापरणार आहे. तिन्ही चक्रे आजच तपशिलाने लिहिली तर चिंतनाला कामच उरत नाही. म्हणून पहिले चक्र येथे पूर्ण दिले आहे, दुसऱ्याच्या दोन वाटा दिल्या आहेत आणि तिसऱ्याचा फक्त विषय ठरवला आहे.

नियंत्रित गट घेतलेला नाही. वर्ग एकच आहे, आणि उपयोगी वाटणारी गोष्ट अर्ध्या मुलांना द्यायची नाही हे मला पटत नाही. निष्कर्ष या वर्गापुरतेच मांडीन.

पहिले चक्र : जुलैचा तिसरा आठवडा ते ऑगस्टचा पहिला आठवडा, १२ तासिका

साधन म्हणजे आइसक्रीमच्या काड्या आणि रबर. दहा काड्यांचा एक गठ्ठा. ६२ म्हणजे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातून ३८ द्यायच्या तर आठ सुट्या मिळत नाहीत. मुलाला एका गठ्ठ्याचे रबर काढावेच लागते. रबर काढल्यावर गठ्ठे पाचच दिसतात, त्यामुळे ३४ ची चूक हातातच अडते. पहिल्या पाच तासिकांत वहीला हात लावायचा नाही. पुढच्या चार तासिकांत काड्यांऐवजी पाटीवर गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्यासाठी टिंब. शेवटच्या तीन तासिकांत उभी मांडणी, पण प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून.

बोलताना ‘हातचा’ हा शब्द मी टाळणार आहे. बेरजेत तो येतोच, आणि वजाबाकीत पुन्हा आला की काही मुले दशक कमी करण्याऐवजी वाढवतात. ‘एक गठ्ठा सोडला’ हेच वाक्य वर्गभर चालेल.

संख्या उलट लिहिणाऱ्या ३ मुलांसाठी परिपाठानंतर रोज १० मिनिटे. मराठीत ‘बासष्ट’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना सहा आधी. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ दोन’ अशा वाचनाची जोड दिली, त्यावर तेव्हा बराच वाद झाला. माझ्या अनुभवात दोन्ही नावे शेजारी ठेवली की मूल लवकर सावरते. ‘एकोणचाळीस’सारख्या नावांचा तर वजाबाकीलाच उपयोग आहे : चाळीस काड्यांचे चार गठ्ठे ठेवायचे, एक काडी काढायची आणि काय उरले ते मुलांनीच म्हणायचे.

निरीक्षण

रोज शाळा सुटल्यावर १५ मिनिटांत नोंदवही लिहीन. दुसऱ्या दिवसावर टाकलेली नोंद आठवणीतून सजवली जाते. तिन्ही चुकांच्या गटांतून प्रत्येकी दोन, अशी सहा मुले दर आठवड्याला एक उदाहरण बोलत सोडवतील आणि मी ते शब्दशः उतरून घेईन. चौथीच्या शिक्षिका आठवड्यातून एक तासिका मागे बसून पाहतील. चक्राच्या शेवटच्या चाचणीचे पेपर नावे झाकून आम्ही दोघी वेगवेगळे वर्गीकृत करू. शिकवणारी आणि तपासणारी मीच असल्याने मला सुधारणा दिसावी असे वाटणारच. त्याला एवढा आवर हवा.

चिंतन आणि पुढचा निर्णय

१५ ऑगस्टच्या तयारीत तासिका तशाही तुटतात, तो आठवडा चिंतनासाठी राखला आहे. निर्णयाचा नियम आधीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर सोयीने बदलता येणार नाही. ३६ लिहिणाऱ्या ११ पैकी किमान ८ मुलांना काड्यांशिवाय ‘गठ्ठा का सोडला’ हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर दुसरे चक्र तीन अंकी संख्यांचे. तेवढे झाले नाही, तर दुसरे चक्र पुन्हा दोन अंकीच. तेव्हा मुलांनी एकमेकांची चुकलेली उदाहरणे शोधून समजावायची. उत्तर बरोबर पण कारण सांगता येत नाही, असे मूल या ८ मध्ये धरायचे नाही.

दुसरे चक्र गणपतीच्या सुट्टीआधी संपेल. तिसरे दोन आठवड्यांचे, विषय ४०३ − १७८ सारखी शून्य असलेली उदाहरणे. तिथे दशकाचा गठ्ठाच नसतो, आधी शतक सोडावे लागते. हे चक्र सप्टेंबरअखेर उरकायलाच हवे. पुढे द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की कामाला येणाऱ्या कुटुंबांची मुले वर्गात दाखल होतात आणि काही जुनी मुले गैरहजर राहू लागतात. नव्या मुलांना काड्या मिळतील, पण त्यांचे पेपर संशोधनात धरणार नाही. ज्याची हजेरी एका चक्रात ८ तासिकांपेक्षा कमी, त्याची नोंद वेगळी ठेवीन.

टिकून काय राहिले ते पाहण्यासाठी दिवाळीच्या सुट्टीनंतर, उजळणी न घेता, पहिल्याच आठवड्यात एक चाचणी.

परवानगी

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतली आहे. पालकसभेत काड्या दाखवून काय करणार ते सांगितले आणि संमतिपत्रे भरून घेतली. दोन आजींना वाचून दाखवले, त्यांचे अंगठे आहेत. प्रबंधात मुलांची नावे न येता मु१ ते मु२७ असे संकेत येतील. एखाद्या मुलाला बोलत सोडवायचे नसेल, तर त्या दिवशी त्याला विचारणार नाही.

पहिल्या चक्राची नोंदवही, सहा मुलांची बोलणी आणि दोघींच्या वर्गीकरणातला फरक १५ ऑगस्टच्या आठवड्यात आपल्याकडे आणून देईन. दुसऱ्या चक्राचा तपशील आपण ते वाचल्यावरच लिहीन.