क्रिएटिव्ह ब्रीफ : पाण्याचं पिंप आणि डेंग्यू (अ‍ॅनिमेशनपट, ७५ सेकंद)

कुणासाठी : सोलापुरातल्या डॉक्टरांचा सेवाभावी गट
कुणी वाचायचं : लेखन, चित्र, अ‍ॅनिमेशन, आवाज. गटाच्या दोन डॉक्टरांची यावर सही झाल्याशिवाय स्टोरीबोर्डची एकही चौकट काढू नये.
प्रदर्शन : १६ मे, राष्ट्रीय डेंग्यू दिन

हा चित्रपट कशासाठी

शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवस वाट पाहावी लागते. म्हणून घरोघरी पिंपं, बॅरल, टाक्या भरलेल्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुढच्या वेळी नळ आला, पिंप काठोकाठ भरलं, की पाणी अंड्यांपर्यंत पोहोचतं आणि अळ्या बाहेर पडतात. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, ते यामुळेच. अ‍ॅनिमेशनने दाखवावी अशी गोष्ट ही आहे, कारण कॅमेऱ्याला ती सहज दिसत नाही.

कुणाशी बोलतोय

पूर्व भागातल्या पस्तीस-चाळिशीच्या बाईशी. ती विड्या वळते, नवरा यंत्रमागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, शेजारी कन्नड. पाणी येईल त्या वेळी, पहाटे असो की मध्यरात्री, तीच उठते; पाइप लावते, तीच भरते. पाण्याचा थेंब तिच्यासाठी मोलाचा आहे. 'आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी ओतून कोरडा दिवस पाळा' असं सांगणाऱ्याला ती मान डोलावेल आणि काहीही करणार नाही. तिचं बरोबरच आहे. पुढचं पाणी कधी येईल याची खात्री तिला कुणी दिलेली नाही.

डेंग्यू हे नाव तिला ठाऊक आहे, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवू नका.

एकच सांगणं

पाणी यायच्या आदल्या दिवशी रिकामं होत आलेलं पिंप आतून घासा.

तळाशी उरलेलं पाणी बादलीत काढायचं, फरशीला किंवा भांड्यांना वापरायचं. काथ्याने भिंत घासायची, विशेषतः पाण्याची रेघ उमटते तिथे. विसळून उन्हात पालथं घालायचं. दोन पिंपं असतील तर एक रिकामं करून आधी ते घासायचं. पाणी वाया न घालवता तिला जमेल असं हेच आहे, म्हणून हेच निवडलं.

गटाने पाठवलेल्या यादीत लक्षणं, प्लेटलेट, पपईची पानं, मच्छरदाणी, फवारणी असं बरंच आहे. डॉक्टरांची कळकळ कळते, पण ७५ सेकंदांत आवाजाला जेमतेम दीडशे शब्द मिळतात. सगळं कोंबलं तर घासण्याचं राहून जाईल. लक्षणांसाठी वेगळा चित्रपट करावा. जमिनीतले मोठे हौद घासणं घरच्यांच्या हातात नसतं; तेही इथे नको. झाकणाचं एक दृश्य शेवटी चालेल, निवेदनात मात्र नाही.

सूर

शेजारची थोरली बाई दारात उभी राहून सांगते तसा. संबोधन 'अक्का'. नमुना ओळ : "अक्का, उद्या पाणी येणार ना? मग आज पिंप घासून घेऊ."

दटावणी नको, 'तुमच्या निष्काळजीपणामुळे' हा शब्दप्रयोग कुठेही नको. दात विचकणारा राक्षसी डास नको. तापाने फणफणलेलं मूल दाखवून घाबरवायचं नाही. या वस्त्यांत ज्यांनी ते घरात पाहिलंय त्यांना पुन्हा दाखवण्याची गरज नाही. सोलापुरी बोलीची नक्कल करून हशा पिकवणं सक्त मना. बोली यावी ती निवेदिकेच्या तोंडून सहज. निवेदिका इथलीच हवी.

चित्र आणि आवाज

दवाखान्याच्या बाकावर टीव्ही मुका असतो, व्हॉट्सअ‍ॅपवरही बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात. अंडी, चढणारं पाणी, अळी आणि घासणारा हात हा क्रम आवाजाविना कळला पाहिजे. पिंपाचा उभा छेद हे मुख्य चित्र. त्याला निदान वीस सेकंद द्या. डास पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा आणि दिवसा वावरणारा, कारण एडिस दिवसा चावतो. रात्रीचं दृश्य काढलंत तर माहितीच चुकेल.

पिंप निळं प्लास्टिकचं, अरुंद बोळात दाराशेजारी. पार्श्वभूमीला मागाचा आवाज हलका. चादरीची नक्षी चौकटीला लावायचा मोह टाळा, इथल्या माणसाला ती जाहिरात वाटेल. चित्रात मराठी अक्षरं रंगवू नका, तेलुगू आणि कन्नड आवृत्त्या याच चित्रांवर होतील. दोन वाक्यांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवा.

जमलं का, हे कसं ठरवायचं

कच्चं अ‍ॅनिमेशन तयार झालं की पूर्व भागातल्या काही बायकांना आवाज बंद करून एकदाच दाखवायचं आणि विचारायचं, "आता घरी जाऊन काय कराल?" उत्तरात 'घासू' आणि 'पाणी यायच्या आधी' हे दोन्ही आलं पाहिजे. 'स्वच्छता ठेवू' असं उत्तर आलं तर स्टोरीबोर्ड परत लेखकाकडे. रंगकाम त्यानंतरच सुरू होईल.