शीतकक्ष क्र. २ मधील बिघाड आणि औषधसाठ्याचे नुकसान : घटना अहवाल

घटना : शनिवार १२ जुलै २०२५ ची रात्र ते रविवार १३ जुलै २०२५ दुपार
ठिकाण : घाऊक औषध गोडाऊन, साकीनाका, अंधेरी (पूर्व), मुंबई
अहवाल : गुणवत्ता विभाग. प्रत : भागीदार, गोडाऊन सुपरवायझर, नोंदणीकृत फार्मासिस्ट, विमा सर्वेअर
अहवालाची तारीख : ४ ऑगस्ट २०२५

थोडक्यात

शीतकक्ष क्र. २ मधलं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मर्यादेबाहेर ८ तास ५९ मिनिटं राहिलं. कमाल नोंद २१.७ अंश. कक्षात एकूण १६,४९० नग होते. त्यांपैकी १०,०१० नग बाद झाले, खरेदी किमतीने रु. १३,५८,४००. त्यातले १,७८० नग (रु. ३,६५,२५०) उष्णतेने गेलेले नाहीत. ते माल हलवताना गोठले, किंवा ‘गोठले नाहीत’ हे सिद्ध करता आलं नाही. हा आकडा वेगळा मांडला आहे, कारण तो बिघाडाच्या खात्यात टाकला तर माल हलवण्यातली चूक पुन्हा होईल.

या काळात कक्षातून एकही नग विक्रीसाठी बाहेर गेला नाही. दाराच्या सेन्सरनुसार शनिवारी रात्री ९:१८ नंतर दार पहिल्यांदा उघडलं ते रविवारी सकाळी ८:३४ ला. त्यामुळे बाजारातून माल परत मागवायची वेळ आली नाही.

बिघाड नेमका काय झाला

रात्री १२:५२ ला पावसात परिसराची वीज गेली. जनरेटरने १८ सेकंदांत भार घेतला आणि तापमान ४ अंशांच्या आसपास स्थिर राहिलं. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. १:३७ ला बाहेरची वीज परत आली, ऑटो चेंजओव्हर पॅनेलने भार तिच्यावर घेतला आणि त्याच क्षणी दोन्ही कॉम्प्रेसर थांबले.

बाहेर केबलचा सांधा दुरुस्त करताना तीनपैकी दोन फेजची अदलाबदल झाली होती. व्होल्टेज तिन्ही फेजवर बरोबर, क्रम मात्र उलटा. अशा पुरवठ्यावर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो आणि खराब होतो, म्हणून फेज सिक्वेन्स रिलेने त्याला चालू होऊ दिलं नाही. रिलेने आपलं काम चोख केलं. दोष जोडणीचा आहे : मुख्य आणि राखीव अशा दोन्ही युनिटांचं कंट्रोल वायरिंग एकाच रिलेतून नेलं होतं. म्हणजे राखीव युनिट कागदावर होतं, या प्रकारच्या बिघाडात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. चेंजओव्हर पॅनेल फक्त व्होल्टेज तपासतं, क्रम तपासत नाही. त्यामुळे जनरेटरही परत सुरू झाला नाही.

बाहेरून हे कळणं अवघड होतं. आतले पंखे आणि दारावरचा डिस्प्ले सिंगल फेजवर आहेत, ते दोन्ही चालू राहिले. दाराशी उभं राहिलं की पंख्यांची नेहमीची घरघर ऐकू येत होती. प्रत्यक्षात थंडावा बंद होता आणि पंख्यांच्या मोटरी उलट कक्षात उष्णता सोडत होत्या. बंद पडल्याची एकमेव खूण म्हणजे पॅनेलच्या आत रिलेवर लागलेला लाल दिवा. पॅनेलचं झाकण बंद होतं.

शीतकक्ष क्र. १ चं युनिट सिंगल फेजचं असल्यामुळे त्याला काही झालं नाही.

तापमानाच्या नोंदी

मधल्या रॅकवरचा, ग्लायकोलच्या बाटलीत बुडवलेला प्रोब. हा औषधाच्या तापमानाच्या जवळ राहतो. छताजवळच्या हवेच्या प्रोबने २४.३ पर्यंत नोंद दाखवली, पण निर्णयासाठी खालच्याच नोंदी धरल्या आहेत.

| वेळ | तापमान (अंश से.) | टीप |
|---|---|---|
| १:३० | ४.१ | जनरेटरवर |
| २:०० | ५.६ | कॉम्प्रेसर बंद होऊन २३ मिनिटं |
| २:३० | ७.० | |
| २:५३ | ८.० | मर्यादा ओलांडली |
| ३:०८ | ८.७ | अलार्म (१५ मिनिटांच्या विलंबानंतर) |
| ४:०० | १०.९ | |
| ५:०० | १३.४ | |
| ६:०० | १५.७ | |
| ७:०० | १७.९ | |
| ८:०० | १९.८ | |
| ९:३० | २१.७ | कमाल |
| १०:०० | १७.४ | कॉम्प्रेसर ९:३१ पासून चालू |
| ११:०० | ११.२ | |
| ११:५२ | ८.० | मर्यादेत परत |

महिन्याचं मीन कायनेटिक तापमान काढून माल वाचवता येईल का, असं विचारलं गेलं. ३० दिवसांचं हे मूल्य ४.७ अंश येतं, म्हणजे मर्यादेच्या आतच. पण २९ दिवसांच्या चांगल्या थंडीत नऊ तासांची उष्णता विरघळवून टाकणारा हा आकडा आहे. एकेका औषधाने ते नऊ तास कसे सोसले हे तो सांगत नाही. त्याचा आधार घेतलेला नाही.

अलार्म वाजल्यावर काय झालं

३:०८ ला सुरक्षारक्षकाच्या केबिनमधला हूटर वाजला. ३:११ ला सुरक्षारक्षकाने म्यूटचं बटण दाबलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘अलार्म वाजला, बंद केला, मशीन चालू आहे.’ मशीन चालू आहे ही समजूत पंख्यांच्या आवाजावरून झाली. ३:१४ ला त्याने भिंतीवरच्या यादीतल्या पहिल्या नंबरवर फोन केला. तो नंबर मे महिन्यात नोकरी सोडून गेलेल्या स्टोअर इन्चार्जचा होता. उत्तर मिळालं नाही. यादीत दुसरा नंबर नव्हता.

चार जणांना आपोआप एसएमएस जायला हवे होते. एकही गेला नाही. डायलरमधल्या प्रीपेड सिमची मुदत २९ जूनला संपली होती. डायलरची शेवटची चाचणी मार्चमधली.

एकदा म्यूट केलेला हूटर तापमान कितीही चढलं तरी पुन्हा वाजत नाही, अशी कंट्रोलरची सेटिंग होती. म्हणून ३:११ ते ८:३२ हे पाच तास एकवीस मिनिटं कक्ष निमूटपणे तापत राहिला.

सुरक्षारक्षकावर ठपका ठेवणं बरोबर होणार नाही. आधीच्या ३० दिवसांत हाच हूटर १४ वेळा वाजला होता, दर वेळी माल चढवताना दार उघडं राहिल्यामुळे किंवा डीफ्रॉस्टमुळे, आणि दर वेळी ‘म्यूट कर’ हेच उत्तर त्याला मिळालं होतं. रात्री ३ वाजता १५ वा अलार्म वेगळा आहे हे त्याने ओळखावं, अशी कोणतीही सोय त्याच्याकडे नव्हती. डिस्प्लेवरचा ८.७ हा आकडा वाईट आहे हेही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

८:३२ ला रविवारच्या डिस्पॅचसाठी आलेल्या फार्मासिस्टने डिस्प्ले पाहिला. ८:३६ ला डिस्पॅच थांबवला, ८:४५ ला इलेक्ट्रिशियनला फोन गेला, तो असल्फ्याहून ९:२० ला पोचला. मेन आयसोलेटर बंद करून, पुरवठा नसल्याची टेस्टरने खात्री करून त्याने बाहेर जाणाऱ्या दोन वायरींची जागा बदलली. लाल दिवा गेला आणि ९:३१ ला पहिला कॉम्प्रेसर चालू झाला. काम अकरा मिनिटांचं होतं.

माल हलवताना झालेलं नुकसान

८:५० पासून माल हलवायला सुरुवात झाली. शीतकक्ष क्र. १ मध्ये तीनच रॅक मोकळे होते, बाकीचा माल २२ थर्मोकोल बॉक्समध्ये भरला. पहिल्या घाईत, ९:१५ पर्यंत भरलेल्या ९ बॉक्समध्ये आइस पॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट व्हायलींना टेकवून ठेवले. उणे २० वरचा पॅक आधी बाहेर ठेवावा लागतो. हलवल्यावर आतून पाणी खळखळलं की मगच तो वापरायचा, आणि पॅक व औषध यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा पडदा द्यायचा. नंतरचे १३ बॉक्स या योग्य पद्धतीने भरले गेले आणि त्यांतल्या नोंदी ठीक आहेत.

त्या ९ पैकी ३ बॉक्समध्ये लॉगर होते. किमान नोंदी उणे ०.९, उणे १.८ आणि उणे २.४. सर्वांत वाईट बॉक्स ५२ मिनिटं शून्याखाली होता. उरलेल्या ६ बॉक्समध्ये लॉगरच नव्हते, त्यामुळे तो मालही बाद धरला.

डोळ्यांनी निवड करता येत नाही. ३०/७० इन्सुलिनच्या काही व्हायलींत हलवल्यावरही काचेला पांढरे कण चिकटलेले दिसले, तिथे गोठल्याचा संशय पक्का होतो. पण गोठून वितळलेलं ग्लार्जिन पाण्यासारखं नितळच दिसू शकतं. उष्णतेचे नऊ तास उत्पादकाने मान्य केलेलं हेच इन्सुलिन गोठलेलं मात्र कोणीच स्वीकारत नाही.

बाद आणि मान्य साठा

१३ जुलैलाच सगळा माल कुलूपबंद जाळीत ‘विक्रीस मनाई’ लेबल लावून वेगळा ठेवला. प्रत्येक उत्पादकाला बॅच क्रमांक, मिनिटागणिक नोंदींची फाइल आणि कमाल-किमान तापमान पाठवून लेखी मत मागवलं. लेखी उत्तर नाही किंवा संदिग्ध उत्तर आलं, तर तो माल बाद, असं आधीच ठरवलं होतं.

| औषध | होते | मान्य | बाद | बादची किंमत (रु.) |
|---|---|---|---|---|
| ३०/७० इन्सुलिन, १० मिली व्हायल | ४,२०० | ३,०६० | १,१४० (गोठणे) | १,३६,८०० |
| ग्लार्जिन, ३ मिली कार्ट्रिज | १,८५० | १,४२० | ४३० (गोठणे) | २,०६,४०० |
| ऑक्सिटोसिन, १ मिली अँप्युल | ६,००० | ० | ६,००० | ८४,००० |
| एरिथ्रोपोएटिन ४,००० युनिट, प्रीफिल्ड सिरिंज | १,३२० | ० | १,३२० | ८,१८,४०० |
| हिपॅटायटिस बी लस, १ मिली | ६४० | ० | ६४० (२१० गोठणे) | ६७,२०० |
| कार्बोप्रोस्ट, १ मिली अँप्युल | ४८० | ० | ४८० | ४५,६०० |
| रोक्युरोनियम, ५ मिली व्हायल | ९०० | ९०० | ० | ० |
| लॅटॅनोप्रोस्ट आय ड्रॉप | १,१०० | १,१०० | ० | ० |
| एकूण | १६,४९० | ६,४८० | १०,०१० | १३,५८,४०० |

ऑक्सिटोसिनची रक्कम छोटी आहे, पण निर्णय सर्वांत सोपा होता. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला हे इंजेक्शन देतात. त्याची ताकद घटली आहे हे अँप्युलकडे पाहून कळत नाही, कळतं ते रक्तस्राव थांबला नाही की. मान्य झालेल्या मालाच्या बॅचवर ‘एकदा तापमान ओलांडले’ अशी नोंद सॉफ्टवेअरमध्ये केली आहे. त्याला यापुढे अशी सवलत मिळणार नाही.

बाद माल बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या गटात सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जाईल. जाण्याआधी लेबलं खोडायची, नगांची मोजणी दोघांनी करायची. अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवलं आहे. नष्ट होणाऱ्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार उलटवायचं आहे, ती रक्कम वरच्या नुकसानीत धरलेली नाही.

केलेले आणि उरलेले बदल

झालेले : दोन्ही युनिटांना स्वतंत्र रिले (१९ जुलै). चेंजओव्हर पॅनेलमध्ये फेज क्रमाची अट घातली, क्रम उलटा असेल तर भार जनरेटरवरच राहील. २० जुलैला दोन वायरी मुद्दाम उलट्या जोडून चाचणी घेतली, जनरेटरने भार सोडला नाही. म्यूट आता २० मिनिटांचाच, त्यानंतर हूटर पुन्हा वाजतो. डायलरमध्ये पोस्टपेड सिम, दर सोमवारी सकाळी ११ ला चाचणी एसएमएस आणि तो मिळाल्याची सही. केबिनमध्ये मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत सूचना : ‘आकडा ८ च्या वर असेल तर पंख्याचा आवाज ऐकून थांबू नका. फोन उचलेपर्यंत खालचे चारही नंबर लावत राहा.’

उरलेले : डीफ्रॉस्टच्या वेळचे खोटे अलार्म कमी करण्यासाठी हवेऐवजी ग्लायकोल प्रोबवर अलार्म लावणं, सुपरवायझर, १० ऑगस्ट. उणे २० च्या पॅकऐवजी ५ अंशांवर वितळणारे ४० पॅक आणि प्रत्येक बॉक्ससाठी लॉगर, खरेदी विभाग, १८ ऑगस्ट. रात्रीच्या वेळी, आधी न सांगता अलार्मची कवायत, फार्मासिस्ट, ऑगस्टअखेर. कक्ष क्र. २ चं रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीतलं तापमान मॅपिंग होईपर्यंत त्यात लस ठेवायची नाही.